सात गोळ्या की एकवीस? अरबी बोलणाऱ्याची कोणती चूक आधी सुधारायची

अरबी व्याकरणाची सुरुवात ज्याच्या नावाने सांगितली जाते तो अबुल अस्वद अद-दुअली सातव्या शतकात बसऱ्याला राहत होता. त्याच्या मुलीची एक गोष्ट अरबीचे शिक्षक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. एका रात्री आकाशाकडे बघून ती म्हणाली, ‘मा अहसनु अस-समाइ’. तिला म्हणायचं होतं, किती सुंदर आहे हे आकाश! पण ‘अहसन’च्या शेवटी ‘अ’ऐवजी ‘उ’ लागला आणि वाक्याचा प्रश्न झाला: आकाशात सर्वांत सुंदर काय आहे? बापाने उत्तर दिलं, ‘त्यातले तारे.’ मुलगी म्हणाली, मी विचारत नव्हते, मला नवल वाटत होतं. तेव्हा तो म्हणाला, मग ‘अहसन’ म्हण.

ही गोष्ट जशीच्या तशी घडली असेल की नाही, हा इतिहासकारांचा प्रश्न आहे. अरबी बोलायला शिकवणारी म्हणून मला तिच्यातला बाप महत्त्वाचा वाटतो. त्याने मुलीला अर्ध्या वाक्यावर थांबवलं नाही. जे ऐकू आलं त्याला उत्तर दिलं. आपल्या बोलण्याचा वेगळाच अर्थ झाला हे मुलीच्या स्वतःच्या लक्षात आलं आणि मग त्याने फक्त एक स्वर बदलायला सांगितला.

आपल्याकडच्या बहुतेक अरबी वर्गांत याच्या उलट चालतं. विद्यार्थ्याने तोंड उघडलं की दुसऱ्या शब्दाला शिक्षक त्याला थांबवतात, तिसऱ्या शब्दाचा शेवट दुरुस्त करतात, आणि चौथ्या शब्दापर्यंत त्याला काय सांगायचं होतं हेच तो विसरलेला असतो. या सवयीचं कारण मात्र समजून घ्यायला हवं, कारण ते आदराचं आहे. आपल्या भागात अरबी शिकवणाऱ्या पुष्कळांचं स्वतःचं शिक्षण कुराणपठणाने सुरू झालेलं असतं. पठणाच्या शास्त्रात, म्हणजे तजवीदमध्ये, चुकीला ‘लहन’ म्हणतात आणि तिचे दोन प्रकार करतात. अक्षर किंवा स्वर बदलणारी उघड चूक म्हणजे लहन जली. ओढ, अनुनासिक, दोन वर्णांचा मेळ अशा बारकाव्यांत राहिलेली झाकली चूक म्हणजे लहन ख़फ़ी. उघड चूक झाली की उस्ताद लगेच टोकतात, आणि ते योग्यच आहे. समोरचा मजकूर ठरलेला आहे, वाचणाऱ्याला तो स्वतः रचायचा नाही. थांबलं तरी पुढचा शब्द पानावर वाट बघत असतो.

बोलणाऱ्यासमोर पान नसतं. पुढचं वाक्य त्याच्या डोक्यात अर्धवट जुळत असतं आणि आपण टोकलं की ते मोडतं. कोकणातली कितीतरी मुलं लहानपणी मकतबमध्ये वाचताना क़ाफ, ऐन, हा हे वर्ण अचूक काढायला शिकतात, आणि तीच मुलं मोठेपणी कुवेतला किंवा रियाधला जाण्यासाठी बोलायला शिकतात तेव्हा ‘क़ल्ब’चा ‘कल्ब’ करतात. त्यांची जीभ तयार आहे. बोलताना लक्ष अर्थाकडे असतं, उच्चाराकडे पुरेसं उरत नाही, एवढंच. अशा माणसाला पठणाच्या पद्धतीने टोकून फार हाती लागत नाही. पण उस्तादांच्या त्या परंपरेतला दुसरा धागा, चुकांची वर्गवारी करणं, बोलण्याच्या वर्गातही घ्यावा असा आहे. फक्त वर्गवारीची कसोटी वेगळी लागते.

ती कशी लावायची हे एका प्रसंगावरून सांगते. ओळख राहू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. कोकणातल्या एक सिस्टर रियाधच्या रुग्णालयात नोकरी मिळाल्यावर माझ्याकडे यायच्या. प्रमाण अरबी त्या पुस्तकावरून बऱ्यापैकी शिकल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, अशी कल्पना करा की तुम्ही रियाधच्या वॉर्डात आहात, आणि काल काय झालं ते मला सांगा. त्या बोलल्या ते असं होतं. आपले लोक उच्चारतात तसंच ते देवनागरीत लिहिते. अरबीतले दोन वेगवेगळे ‘ह’ आणि काही दंत्य वर्ण इथे एकाच अक्षरात आले आहेत.

‘अम्स जाअ मरीज़ा कबीरा. इंदहा अलम फ़िल-कल्ब. अना कुल्त लहा, इजलिसी हुना. बअदैन हिय ज़हबत इलल-हमाम. अल-मुदीर अल-मुस्तश्फ़ा कान मौजूद. अत-तबीब कतब अल-अदविया अल-जुदुद. अना कुल्त लि-बिंतहा, हब्बा अस-साआ समानिया, सबअ अय्याम.’

त्यांना म्हणायचं होतं: काल एक वयस्कर रुग्ण बाई आल्या. त्यांच्या हृदयात दुखत होतं. मी त्यांना म्हटलं, इथे बसा. मग त्या स्वच्छतागृहात गेल्या. रुग्णालयाचे संचालक हजर होते. डॉक्टरांनी नवीन औषधं लिहून दिली. मी त्यांच्या मुलीला सांगितलं, दर आठ तासांनी एक गोळी, सात दिवस.

त्या बोलत असताना मी लिहीत होते. या लिहिण्याचेही काही नियम आहेत आणि ते मोडले तर गप्प बसूनही आपण टोकतच असतो. पहिला नियम असा की पेन सतत चालू ठेवायचं. चूक झाली तेव्हाच कागदाकडे वळलं तर बोलणारा आपल्या पेनाकडे बघून बोलू लागतो. म्हणून मी बरोबर आलेल्या गोष्टीही लिहिते. दुसरा, विद्यार्थी जे बोलला तेच शब्दशः लिहायचं, सुधारलेलं रूप लिहायचं नाही. घाईत सुधारलेलं रूप लिहिलं की नंतर ‘हे तुम्ही कसं म्हणालात?’ हे आपल्यालाच सांगता येत नाही. तिसरा, तीच चूक पुन्हा आली की नवी ओळ न लिहिता जुन्या ओळीपुढे एक रेघ मारायची. आणि ज्या वाक्याचा हेतू आपल्याला पक्का माहीत नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह घालायचं. विद्यार्थ्याची हरकत नसेल तर फोनवर ध्वनिमुद्रण करावं. त्याचा उपयोग नंतर होतो. पण पुन्हा ऐकायला वेळ लागतो आणि विद्यार्थी समोर बसलेला असतो, त्यामुळे कागद सुटत नाही.

सिस्टरांच्या त्या मिनिटभराच्या बोलण्यात आठ प्रकारच्या चुका होत्या. एखाद्या कडक व्याकरणशिक्षकाने आधी कुठे बोट ठेवलं असतं ते मला माहीत आहे: ‘कान मौजूद’वर. ‘कान’नंतर येणाऱ्या विशेषणाला प्रमाण अरबीत ‘अन’ लागतो, म्हणून ‘मौजूदन’ हवं. शब्दाच्या शेवटच्या या बदलांना इअराब म्हणतात, आणि अबुल अस्वदच्या मुलीची चूक याच जातीची होती. तिच्या काळात त्या एका स्वराने अर्थ फिरला. आज रियाधमध्ये, कैरोमध्ये किंवा अम्मानमध्ये रोजच्या बोलण्यात इअराब कुणीच उच्चारत नाही. शिकलेला अरबही तो बातम्या वाचताना, भाषणात किंवा पठणात वापरतो. चार्ल्स फर्ग्युसन या भाषाशास्त्रज्ञाने 1959 साली एक लेख लिहिला होता. एकाच समाजात औपचारिक आणि घरगुती अशी भाषेची दोन रूपं कामं वाटून घेऊन शेजारी-शेजारी नांदतात, अशा स्थितीचं वर्णन त्याने केलं, आणि त्याच्या चार उदाहरणांत अरबी एक होती. तेव्हा बोलणाऱ्याच्या कागदावर ‘मौजूद’ ही चूक म्हणून लिहायचीच कशाला, असं माझं मत आहे. ही नर्स निवेदिका होणार असती तर गोष्ट वेगळी.

मग उरलेल्या सातांतून कोणत्या घ्यायच्या? मी स्वतःला आधी विचारते, अनोळखी अरब माणूस हे ऐकून काय समजेल? इथे ‘अनोळखी’ हा शब्द मी जपून वापरते आहे. मला सिस्टरांचं बोलणं समजतं, कारण मला मराठी येतं आणि त्या कुठे अडखळणार हे माहीत असतं. शिक्षकाचा कान फार लवकर सरावतो आणि मग तो चांगला न्यायाधीश राहत नाही.

या कसोटीवर सर्वांत गंभीर चूक शेवटच्या वाक्यात आहे, आणि तिची अडचण अशी की ती चूक वाटतच नाही. ‘हब्बा अस-साआ समानिया, सबअ अय्याम’ याचा अर्थ ‘आठ वाजता एक गोळी, सात दिवस’ असा होतो. ‘अस-साआ समानिया’ हे बोलीत अगदी बरोबर आहे. ऐकणारी मुलगी अडखळणार नाही, पुन्हा विचारणार नाही. मान डोलावून घरी जाईल आणि आईला सात दिवसांत एकवीसऐवजी सात गोळ्या देईल. ‘दर आठ तासांनी’ म्हणायला ‘कुल्ल समानी साआत’ हवं होतं. कागदावर माझं प्रश्नचिन्ह याच ओळीपुढे होतं. व्याकरणाच्या चुका मोजणाऱ्याच्या यादीत ही ओळ येणारच नाही. म्हणून बोलणं संपल्यावर आपल्याला समजलेला अर्थ आणि विद्यार्थ्याचा हेतू एकदा जुळवून बघणं, हे दुरुस्तीच्या आधीचं काम आहे.

दुसरा प्रश्न मी विचारते तो पुनरावृत्तीचा. ‘कल्ब’ एकदा आणि ‘कुल्त’ दोनदा, म्हणजे क़ाफच्या जागी काफ एवढ्याशा बोलण्यात तीनदा आला. क़ल्ब म्हणजे हृदय आणि कल्ब म्हणजे कुत्रा, हे उदाहरण प्रत्येक अरबी वर्गात सांगतात. पण वॉर्डात हृदयाबद्दल बोलताना कुणी कुत्र्याचा विचार करणार नाही, संदर्भ अर्थ सांभाळून घेतो. मला जास्त काळजी ‘कुल्त’ची होती. ‘क़ुल’ म्हणजे सांग आणि ‘कुल’ म्हणजे खा. रुग्णाला काय सांगायचं आणि काय खायचं याच्याच गोष्टी नर्स दिवसभर बोलते, आणि तिथे संदर्भ दोन्ही अर्थांना जागा देतो. क़ब्ल म्हणजे आधी, क़लील म्हणजे थोडं, वक़्त म्हणजे वेळ, दक़ीक़ा म्हणजे मिनिट. नर्सच्या बोलण्यात क़ाफ पावलोपावली येतो.

त्यातच बोलीचा प्रश्न येतो. कैरोचा माणूस क़ाफ गिळतो आणि ‘अल्ब’ म्हणतो. रियाधचा माणूस रोजच्या बोलण्यात त्याचा ‘ग’ करतो, ‘गल्ब’, ‘गिल्त’. बातम्यांत क़ाफ पूर्ण उच्चारला जातो. शहरी अरबांपैकी जवळजवळ कुणीही त्याचा ‘क’ करत नाही, आणि आपल्या लोकांकडून नेमका तोच होतो. तेव्हा मी सिस्टरांना सांगितलं, बोलताना ‘ग’ म्हणा. मराठी जिभेला तो घशातल्या क़ाफपेक्षा कितीतरी सोपा आहे आणि जिथे तुम्ही जाणार आहात तिथे तो चूक नाही. औपचारिक शब्दांत, ‘क़ुरआन’सारख्या नावांत, तिथेही क़ाफच राहतो, म्हणून तो वाचनात चालू ठेवा. काही शिक्षकांना हे पटत नाही. त्यांना वाटतं, बोलीला मुभा दिली की प्रमाण भाषा कायमची हुकली. त्यांची भीती मला समजते, पण शिकणारा उद्या कुणाशी बोलणार आहे हे सोडून दुरुस्तीचा क्रम ठरवता येत नाही.

तिसरा प्रश्न, ही चूक एका शब्दाची आहे की घडणीची? ‘अल-मुदीर अल-मुस्तश्फ़ा’ ही घडणीची आहे. रुग्णालयाचा संचालक म्हणायला ‘मुदीर अल-मुस्तश्फ़ा’ लागतं. अरबीत ज्याची गोष्ट आहे तो शब्द मागून येतो आणि पहिल्या शब्दाला ‘अल’ लागत नाही. या जोडणीला इज़ाफ़ा म्हणतात. मराठीत मालक आधी येतो, ‘चा-ची-चे’ लागतं, आणि ‘अल’सारखं काही आपल्याकडे नाहीच. त्यामुळे आपला माणूस एक तर ‘अल’ विसरतो नाहीतर सगळ्या नामांना लावून मोकळा होतो. सिस्टर दुसऱ्या जातीतल्या होत्या. रुग्णालयात हा साचा क्षणोक्षणी लागतो: रुग्णाचं नाव ‘इस्म अल-मरीज़’, खोलीचा क्रमांक ‘रक़म अल-ग़ुर्फ़ा’, रक्तदाब ‘ज़ग़्त अद-दम’. एकदा साचा बसला की वीस ठिकाणची चूक जाते.

या तीन मी घेतल्या. उरलेल्या का सोडल्या हेही सांगायला हवं, कारण सोडणं हा निर्णय असतो आणि त्याला कारण लागतं. ‘जाअ मरीज़ा’त क्रियापद पुल्लिंगी आलं, ‘जाअत’ हवं होतं. पण दोन वाक्यांनंतर त्याच बाईंबद्दल बोलताना सिस्टरांनी ‘ज़हबत’ अचूक म्हटलं. म्हणजे नियम त्यांना येतो, सुरुवातीच्या दडपणात घसरला. पिट कॉर्डर यांनी 1967 सालच्या एका निबंधात हाच फरक मांडला होता: माहीत असलेल्या गोष्टीतली घसरण वेगळी आणि अजून न शिकलेल्या गोष्टीतली चूक वेगळी. घसरणीला शिकवणी लागत नाही. ‘अल-अदविया अल-जुदुद’मध्ये ‘अल-जदीदा’ हवं होतं, कारण अरबीत माणसांखेरीज इतर अनेकवचनांना स्त्रीलिंगी एकवचनी विशेषण लागतं. ‘सबअ अय्याम’ऐवजी ‘सबअत अय्याम’ हवं, कारण तीन ते दहा या संख्यांचं लिंग नामाच्या उलट चालतं. अरब मुलांनाही प्रमाण भाषेतला हा संख्यांचा नियम शाळेत घोकावा लागतो. दोन्ही ठिकाणी अर्थ जागचा हलत नाही आणि दोन्ही नियम पचायला महिने लागतात.

‘हमाम’ सोडताना मात्र मी थोडी थांबले. हम्माम म्हणजे स्वच्छतागृह आणि हमाम म्हणजे कबुतरं. मराठीत ‘कच्चा’, ‘पक्का’ असे जोडलेले वर्ण आपण रोज उच्चारतो, त्यामुळे ही चूक अर्ध्या मिनिटात जाते. पण तो एकच शब्द होता, आणि त्या दिवशी चौथी गोष्ट सांगितली असती तर पहिल्या तिन्ही विरल्या असत्या. ती मी पुढच्या आठवड्यासाठी कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवली.

आता दुरुस्ती परत कशी द्यायची. बोलणं संपल्याबरोबर मी चुकांकडे गेले नाही. विचारलं, ‘आता बाईंची तब्येत कशी आहे?’ तेही अरबीत. ज्याने मेहनतीने काही सांगितलं त्याला ते ऐकलं गेल्याचं आधी कळलं पाहिजे. त्यानंतर मराठीत विचारलं, ‘सिस्टर, गोळी कधी घ्यायची म्हणून सांगितलंत?’ त्या म्हणाल्या, ‘दर आठ तासांनी.’ मी कागदावरची ओळ जशीच्या तशी वाचून दाखवली आणि विचारलं, ‘हे ऐकून त्यांची मुलगी दिवसाला किती गोळ्या देईल?’ त्या गप्प झाल्या, मनात वाक्य फिरवलं आणि म्हणाल्या, ‘एकच.’ मग ‘कुल्ल’ हा शब्द त्यांनीच आठवून काढला.

ती शांतता मला मोलाची वाटते. विद्यार्थ्याचं चुकलेलं वाक्य शिक्षकाने स्वतःच सुधारून म्हणणं ही सर्वांत सवयीची पद्धत आहे. ‘अल-मुदीर अल-मुस्तश्फ़ा’ म्हटलं की शिक्षक ‘हो, मुदीर अल-मुस्तश्फ़ा’ म्हणतात आणि बोलणं पुढे जातं. ती सौम्य आहे, बोलण्याचा ओघ मोडत नाही. रॉय लिस्टर आणि लैला रांता यांनी 1997 साली कॅनडातल्या काही प्राथमिक वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ती मुलं फ्रेंच शिकत होती. तिथल्या शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त याच प्रकारच्या होत्या, आणि त्यांतल्या जेमतेम 31 टक्के दुरुस्त्यांना मुलांनी काही प्रतिसाद दिला. बाकीच्या वेळी ‘हो’ एवढंच ऐकू आलं असावं. जिथे शिक्षकांनी मुलांकडूनच योग्य रूप काढून घ्यायचा प्रयत्न केला तिथे मुलांनी दर वेळी काहीतरी उत्तर दिलं. अभ्यास फ्रेंचचा आहे, मुलं लहान आहेत, त्यामुळे आकडा जसाच्या तसा रियाधला जाणाऱ्या नर्सला लावता येणार नाही. तरी अरबीच्या वर्गात मला हेच दिसतं. वाक्य परत द्यावं, थांबावं, सुचलं नाही तर खूण द्यावी (‘पहिल्या शब्दाला काय लागलंय बघा’), आणि तरीही नाही आलं तरच योग्य रूप सांगावं.

क़ाफसाठी खुणेने भागत नाही, तिथे कानाला फरक ऐकू यावा लागतो. मी ‘गिल्त’ आणि ‘किल्त’ आलटून-पालटून म्हटलं आणि त्यांना फक्त ओळखायला सांगितलं. ऐकू आल्यानंतरच उच्चारायला लावलं. इथे एक धोका असतो. क़ाफ सुधारायला घेतला की विद्यार्थी उत्साहात खऱ्या काफांचंही तेच करू लागतो, आणि ‘कुल्ल’चा ‘गुल्ल’ होतो. म्हणून सरावासाठी मी एकच वाक्य ठेवलं, ज्यात दोन्ही वर्ण शेजारी येतात: ‘गिल्त लहा, हब्बा कुल्ल समानी साआत’. मी त्यांना सांगितलं, गोळी दर आठ तासांनी. प्रमाण भाषेत ‘क़ुल्त’. अर्थाची चूक आणि उच्चाराची चूक अशी एका वाक्यात आली की त्या वेगवेगळ्या आठवाव्या लागत नाहीत.

यानंतरची पायरी बहुतेक वर्गांत गाळली जाते. त्यांना मी तीच हकिगत पुन्हा सांगायला लावली, या वेळी मी रुग्णाच्या मुलीच्या जागी होते. दुरुस्ती झाली की नाही हे सरावाच्या वाक्यावरून कळत नाही. तिथे सगळ्यांचं बरोबर येतं. पुन्हा अख्खी गोष्ट सांगताना, लक्ष परत अर्थाकडे गेलेलं असताना काय येतं, ते बघायचं. ‘कुल्ल समानी साआत’ सहज आलं. ‘गल्ब’ आलं, पुढच्याच वाक्यात ‘कुल्त’ आलं आणि त्यांनी स्वतःच थांबून ‘गिल्त’ केलं. ‘अल-मुदीर अल-मुस्तश्फ़ा’ मात्र जसंच्या तसं. मी पुन्हा काहीच बोलले नाही, फक्त ओळीपुढे रेघ मारली. घडणीची चूक एका बैठकीत जात नाही, आणि तीन रेघा झाल्या की पुढचा तास इज़ाफ़ाचा.

ही पद्धत कुठे फसते तेही सांगते. दुरुस्ती जास्त झाली आहे याची खूण विद्यार्थ्याच्या वाक्यांच्या लांबीत दिसते. कालपर्यंत ‘आणि मग’, ‘कारण’ जोडून बोलणारा माणूस तीन-तीन शब्दांची सुरक्षित वाक्यं बोलू लागला तर तो चुकांपासून पळतो आहे, भाषा सुधारलेली नाही. प्रत्येक शब्दानंतर तो तुमच्या चेहऱ्याकडे बघत असेल तरी तेच. उलट, फार उशीर केला तरी फसतं. आठवड्याने कागद काढून ‘तुम्ही असं म्हणाला होतात’ सांगितलं तर त्याला ते वाक्यही आठवत नाही आणि त्यामागचा विचारही. दुरुस्ती बोलणं संपल्यावर, पण त्याच बैठकीत झाली पाहिजे. फोनवर किंवा व्हिडिओवर शिकवणाऱ्यांनी आणखी एक सांभाळावं. विद्यार्थी बोलत असताना पडद्यावर टाइप केलेला योग्य शब्द उमटला की तो टोकल्यासारखाच असतो, आवाज नसला तरी.

मध्येच बोलावं लागतं असेही प्रसंग आहेत. खरोखर काहीच समजलं नाही तर विचारावं, ‘माज़ा तक़सिदीन?’, तुम्हाला काय म्हणायचं आहे? कुठलाही ऐकणारा हेच विचारेल, आणि त्याने ओघ तुटत नाही, उलट बोलणाऱ्याला वाट मिळते. पठणात आणि ठरलेल्या उच्चारसरावात लगेच थांबवावं. आणि औषधाच्या मात्रेसारखी वाक्यं, जी प्रत्यक्ष कामावर शब्दशः बरोबर यावी लागतात, ती मोकळ्या बोलण्यातून काढून वेगळी पाठच करून घ्यावीत. तिथे मी एक अक्षरही सोडत नाही.

रियाधला गेल्यावर शिक्षक नसतो, सहकारी असतात. अरब सहकारी बहुधा दुरुस्त करत नाहीत. परक्या माणसाने चार वाक्यं अरबीत बोलली की ते मनापासून ‘मा शा अल्लाह’ म्हणतात आणि उरलेलं अंदाजाने समजून घेतात. ‘माझ्या चुका सांगत जा’ असं म्हटलं तर त्यांना ते अवघड जातं, कोणती सांगायची हे त्यांनाही कळत नाही आणि सारखं टोकणं त्यांना उद्धट वाटतं. त्याऐवजी एकच गोष्ट मागावी. सिस्टरांनी एका सौदी नर्सला सांगून ठेवलं की माझं बोलून झाल्यावर मी कुठे ‘ग’चा ‘क’ केला तेवढंच सांग, बाकी सोड. एवढी छोटी मागणी कुणालाही पूर्ण करता येते. दोन महिन्यांनी त्यांनी मला फोनवर ध्वनिमुद्रित केलेला निरोप पाठवला, वॉर्डातल्या एका नव्या रुग्णाबद्दल. मी तो नेहमीप्रमाणे कागद घेऊन ऐकला. ‘क’च्या ओळीपुढे एकही रेघ नव्हती, ‘ज़ग़्त अद-दम’ आणि ‘इस्म अल-मरीज़’ बरोबर आले होते. ‘अल-अदविया अल-जुदुद’ मात्र तसंच होतं. ते मी पानाच्या वर लिहिलं, कारण आता त्याची पाळी होती.